इन्सेन्टिव्हचा प्लॅन बघून नोकरी घ्यावी की फिक्स पगार बघून?

नाशिकरोडकर: ठिबक आणि विद्राव्य खतांच्या एका कंपनीची ऑफर आहे. एरिया दिंडोरी-निफाड, जॉइनिंग जुलैत. फिक्स महिना ३२ हजार, टार्गेट झालं तर वर्षाला ४ लाख इन्सेन्टिव्ह. टार्गेट १ कोटी ६० लाख, म्हणजे दर तिमाहीला ४० लाख. ८० टक्क्यांखाली शून्य. ८० गाठले की सगळ्या विक्रीवर अडीच टक्के. १०० च्या वरच्या भागाला दीडपट दर. तिमाहीला कॅप दीड लाख. पैसे डीलरकडून कलेक्शन आल्यावर. आत्ता ४५ हजार सरळ पगार आहे. घ्यावी का?

सातपूरची पोर: डोळे झाकून घे. ३२ अधिक ३३, म्हणजे महिना ६५ पडतात. कॅपची कसली काळजी करतोस, तिथपर्यंत पोचतंय कोण!

डीलरच्या दारात: ताई, द्राक्षपट्ट्यात कॅपपर्यंत पोचणं अवघड नाही. अवघड आहे ते चारही तिमाह्यांत ८० टक्के गाठणं. ऑक्टोबर छाटणी लागली की डिसेंबरपर्यंत खताची मागणी थांबत नाही. पावसाळ्यात मात्र डीलर फोनसुद्धा उचलत नाही.

समजा वर्षाचं टार्गेट बरोबर पूर्ण झालं, पण असं: एप्रिल-जून ४५ लाख, जुलै-सप्टेंबर २०, ऑक्टोबर-डिसेंबर ७०, जानेवारी-मार्च २५. पहिल्या तिमाहीचे १,१८,७५० मिळाले. २० आणि २५ लाखांच्या दोन तिमाह्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे शून्य. ७० लाखांवर हिशोब निघतो २,१२,५००, पण कॅप दीड लाखाची. एकूण २,६८,७५०. टार्गेट शंभर टक्के, हातात चारातले पावणेतीनही नाहीत. ती दीडपट दराची ओळ ऑफर लेटरमध्ये झकास दिसते, पण साधारण ५३ लाखांच्या पुढे त्या तिमाहीत एक रुपया वाढत नाही. हीच विक्री वर्षाच्या हिशोबाने धरली, तर पूर्ण ४ लाख.

सातपूरची पोर: मग ५३ लाख झाले की बाकीची बिलं जानेवारीत टाकायची. जानेवारीची तिमाहीही ८० टक्के ओलांडेल. डोकं लावलं की झालं.

डीलरच्या दारात: गणित जुळतं, पावणेचार लाखांपर्यंत जातं. पण मणी सेटिंगच्या वेळी लागणारं खत शेतकरी जानेवारीपर्यंत थांबून घेईल का? तो शेजारच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीची गोणी उचलतो, आणि डीलर पुढच्या वर्षी तुम्हाला शेल्फवर जागा देत नाही. थोडंफार सरकवता येतं, सगळं नाही.

एरिया मॅनेजर (निवृत्त): मी प्लॅन बनवणाऱ्यांच्या बाजूने बसलेला माणूस. कॅप म्हणजे कंपनीची लबाडी, असं इथे सगळे धरून चालले आहेत. कधीकधी मोठी ऑर्डर हेड ऑफिसमधून ठरते, माल फक्त तुमच्या एरियात उतरतो. त्यावर दीडपट दर का द्यायचा? आणि कलेक्शनची अट नसेल तर मार्चअखेर पोरं डीलरच्या गोदामात माल कोंबतात, मे महिन्यात तोच माल परत येतो. हे मी बघितलं आहे.

डीलरच्या दारात: साहेब, अट असू द्या. पण हेड ऑफिसच्या ऑर्डरी प्लॅनमधून वेगळ्या काढता येतात, त्यासाठी सगळ्यांनाच कॅप कशाला? आणि कलेक्शनचं म्हणाल तर द्राक्षाचे पैसे हातात येईपर्यंत शेतकऱ्याची उधारी डीलरकडे, डीलरची कंपनीकडे. नोव्हेंबरचं बिल मार्च-एप्रिलला वसूल होतं. हा मुलगा जुलैत लागला तर पहिली तिमाही कोरडी, दुसरीचे दीड लाख एप्रिलमध्ये. तोवर दर महिन्याला १३ हजार कमी पगारावर घर चालवायचं.

पेठरोड: माझंही तसंच झालं. मी मार्चमध्ये राजीनामा दिला, एप्रिलमध्ये कलेक्शन आलं, फुल अँड फायनलमध्ये इन्सेन्टिव्ह शून्य. म्हणे पेआऊटच्या दिवशी रोलवर असायला हवं. पीएफ ऑफिसात गेलो तर ते म्हणाले हा आमचा विषय नाही. पीएफ काढायला किती दिवस लागतात हो?

डीलरच्या दारात: पीएफचं वेगळं विचारा. पण रोलवर असण्याची ओळ नाशिकरोडकरांनी ऑफर लेटरला जोडलेल्या पॉलिसीत शोधावीच. आणि एचआरला नाही, त्याच एरियात आधी असलेल्या माणसाला विचारा: गेल्या वर्षी तिमाहीवार किती विकलं आणि पैसे कोणत्या महिन्यात खात्यात आले. मी वर धरलेले आकडे अंदाजाचे आहेत, खरे तोच सांगेल.

नाशिकरोडकर: आधीच्या माणसाशी बोललो. जुलै-सप्टेंबर त्याचे १८ लाख झाले होते. एचआर म्हणतात तिमाहीचं वार्षिक करता येणार नाही, पॉलिसी सगळ्यांना एकच.

एरिया मॅनेजर (निवृत्त): पॉलिसी एका माणसासाठी बदलणार नाहीतच. पहिल्या दोन तिमाह्यांना ठरावीक रकमेची गॅरंटी मागा, पुढच्या इन्सेन्टिव्हमधून वळती न होणारी. ती मॅनेजरच्या अधिकारात बसते. मेलवर लिहून घ्या.

सातपूरची पोर: पावणेतीन लाख धरले तरी वर्षाचे साडेसहा होतात, आत्ता ५ लाख ४० हजार आहेत. मी तरी घेतलीच असती.

डीलरच्या दारात: दुसऱ्या वर्षापासून होतात. यंदाच्या मार्चपर्यंत नऊ महिन्यांचं बघा: नव्या नोकरीत २ लाख ८८ हजार अधिक दीड लाख, तेही एप्रिलमध्ये हातात येणार आणि दिवाळीनंतरचा सीझन चांगला गेला तरच. आत्ताच्या नोकरीत ४ लाख ५ हजार, अवकाळी झाली तरी.