तीन विषय कसे निवडावेत?

> ‘कोचिंगच्या पेजवर मी सुचेल ते लिहिते. तीनच विषय धरायचे, तर ते निवडू कसे?’

विषय आपल्या आवडीतून न निवडता, गेल्या काही महिन्यांत लोकांनी आपल्याला प्रत्यक्ष विचारलेल्या तीसेक प्रश्नांतून निवडावेत. ते प्रश्न त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवून त्यांचे गट पाडावेत. मी नव्याने टीमप्रमुख झालेल्यांना कोचिंग देतो. माझ्याकडे ‘आत्मविश्वास’ हा शब्द कोणाच्याच तोंडी नव्हता. ‘काम सोपवलं तरी शेवटी मलाच करावं लागतं’, ‘कालच्या सहकाऱ्याला आज चूक कशी दाखवू’ आणि ‘वरिष्ठांना नाही कसं म्हणू’ हे मात्र पुन्हापुन्हा येत होते. त्यातूनच काम सोपवणे, अवघड संवाद आणि वरिष्ठांशी व्यवहार हे माझे तीन विषय ठरले.

विषय पक्का करण्यापूर्वी त्यावर एका बैठकीत दहा शीर्षके लिहून पाहावीत. चौथ्या-पाचव्यालाच अडखळायला झाले, तर तो उपविषय समजावा. ‘बैठका’ हा माझा लाडका विषय असाच ‘अवघड संवाद’मध्ये विरघळला. उलट ‘नेतृत्व’सारख्या शब्दाखाली पन्नास शीर्षके सहज सुचतात, पण ती कोणाच्याही पेजवर शोभतील, म्हणून तोही बाद.

दोन-तीन महिन्यांनी शेवटच्या नऊ पोस्ट नाव झाकून एखाद्या अनोळखी वाचकाला दाखवाव्यात. त्या कोणासाठी आहेत हे त्याला सांगता आले नाही, तर आधी कोणत्याच विषयात न बसणाऱ्या पोस्ट मोजाव्यात. माझ्या बाबतीत त्या चार निघाल्या आणि चारही सुविचारांच्या होत्या.