मदत हवी आहे: जिन्याला काँक्रीट किती लागेल?

मंडळी, खानापूरला घराचा जिना चार दिवसांत ओतायचा आहे. पायऱ्या 10, ट्रेड 250 मिमी, रायझर 150, रुंदी 1 मीटर, तिरका स्लॅब 150 जाड.

एका पायरीची तिरकी लांबी √(0.25² + 0.15²) = 0.2915 मी. म्हणून स्लॅब 10 × 0.2915 × 0.15 × 1 = 0.437 घनमीटर. पायऱ्या त्रिकोणी, म्हणून 10 × ½ × 0.25 × 0.15 × 1 = 0.1875. एकूण साधारण 0.625.

मिस्त्री मात्र स्लॅबची लांबी आडवी 2.5 मीटरच धरतात, त्यामुळे 0.06 कमी पडते. जाडी उताराला काटकोनात मोजली तर तिरकीच लांबी घ्यायची ना? आणि वर लँडिंगला स्लॅब मिळतो तिथला भाग दोनदा मोजला जाऊ नये म्हणून लँडिंग नेमके कुठून धरता? कृपया सांगा, माल परवा मागवायचा आहे.