दररोज व्याज आकारलं तर?

> 'व्याज दर महिन्याऐवजी दररोज मुद्दलात मिळवलं, तर कर्ज भरमसाट वाढेल ना?'

नाही. देवगडच्या बागायतदाराने १२ टक्क्यांनी १ लाख घेतले आणि वर्षाने, आंब्याचे पैसे हाती आल्यावर, एकरकमी फेडले असं धरा. वर्षातून एकदाच आकारणी असेल तर १,१२,००० रुपये होतात, दरमहा असेल तर १,१२,६८२.५०, दररोज असेल तर १,१२,७४७.४६. क्षणोक्षणी आकारलं तरी १,१२,७४९.६९ च्या पुढे रक्कम जातच नाही. कारण वार्षिक दर `a` आणि वर्षातल्या आकारण्या `n` धरल्या, तर एका रुपयाचे वर्षाने `(1 + a/n)^n` होतात, आणि त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घेतला की `a − a²/2n` आणि पुढे आणखी बारीक पदं येतात. `n` वाढला की `a` सोडून सगळी विरतात आणि उरतो `e^a`. मर्यादेपासूनचं अंतर दर रुपयामागे साधारण `e^a · a²/2n` एवढं. इथे १ लाखावर दरमहा आकारणीत ६७ रुपये, रोजच्या आकारणीत सव्वादोन. म्हणून कर्ज घेताना आकारणी किती वेळा यापेक्षा दर अर्ध्या टक्क्याने खाली येतो का, यावर घासाघीस करावी. त्यात साडेपाचशेच्या वर वाचतात.

स्प्रेडशीटमध्ये पडताळताना `n` भलता मोठा घेऊ नका. `10^16` घातला तर `1 + a/n` चं नेमकं १ होतं आणि उत्तर येतं १,००,०००, म्हणजे व्याज शून्य! मर्यादेसाठी थेट `=100000*EXP(0.12)` लिहा.