‘न वटलेला चेक’ म्हणजे नक्की कुठला?

शाहूपुरीकर: आमच्या गुळाच्या अडतीत मार्चअखेरचा बँकेचा ताळमेळ घालतेय. बँकबुकात ८४,५०० शिल्लक, स्टेटमेंटात ८१,०००. आधीच्या कारकुनानं वहीत लिहून ठेवलंय : ‘न वटलेले चेक मिळवणे’. आम्ही दिलेले दोन चेक बाकी आहेत, ट्रकभाड्याचा १२,००० आणि हमालीचा ६,५००. शिवाय ३० मार्चला भरलेला २२,००० चा चेक स्टेटमेंटात नाही. सगळे मिळवले तर १,२५,००० होतात! शब्दच चुकलाय का?

गंगावेस: न वटलेला म्हणजे बाउन्स झालेला की! माझा एका पार्टीचा परत आला, दोन वर्षं झाली, कोर्टात १३८ ची केस चालू आहे. तुम्ही पहिल्यांदा नोटीस पाठवा.

शाहूपुरीकर: अहो दादा, परत नाही आलेला कुठलाच.

उद्यमनगर: मिळवायचे ते फक्त तुम्ही दिलेले. भरलेला वजा. नियम सोपा आहे.

निवृत्त कॅशिअर: ताई, हे बरोबर, पण बँकबुकापासून निघालात तरच. १८,५०० तुम्ही वहीत आधीच वजा केलेत, बँकेनं अजून नाही, म्हणून मिळवायचे. २२,००० तुम्ही जमा धरलेत, बँकेनं नाही, म्हणून वजा. ८४,५०० अधिक १८,५००, वजा २२,०००, आले ८१,०००. स्टेटमेंटापासून निघालात तर सगळं उलटं.

आता शब्दाचं. ‘वटणे’ म्हणजे चेकचे पैसे होणं. जुन्या ‘वटणावळी’तलाच हा वट. ‘न वटलेला’ म्हणताना कुणाचा चेक, हे कळतच नाही. आमच्या काउंटरवर दिलेल्याला ‘यायचा चेक’ आणि भरलेल्याला ‘क्लिअरिंगमधला’ म्हणत. परतला तो ‘रिटर्न’, त्याची तिसरीच गत. तो यादीत ठेवायचाच नाही, बँकबुकातली जमा उलटवायची. एका दुकानात असा एक रिटर्न चेक ‘न वटलेला’ म्हणून चार महिने यादीत पुढे ओढलेला मी पाहिलाय. ताळमेळ दर महिन्याला जुळायचा, पैसे मात्र नव्हतेच. भरलेला चेक पुढच्या स्टेटमेंटात पहिल्या आठवड्यात दिसला नाही, तर रिटर्न मेमो शोधा.

शाहूपुरीकर: आणि दिलेला चेक कुणी आणलाच नाही तर?

निवृत्त कॅशिअर: चेकवरच्या तारखेपासून तीन महिने. नंतर बँक घेत नाही. मग तो यादीतून काढून बँकबुकात परत जमा करायचा, पण हमालाचं देणं काही फिटत नाही, ते खात्यात उभंच राहतं.

उद्यमनगर: ‘यायचा चेक’ म्हटलं की आमच्याकडे गिऱ्हाइकाकडून यायचा असाच अर्थ होतो बघा. ‘दिलेला, न पोचलेला’ म्हणा.

निवृत्त कॅशिअर: पोचला असतो हो, समोरच्याच्या पाकिटात असतो. अडलेला असतो बँकेत जायला.

गंगावेस: माझ्या केसची तारीख परवा आहे. तिथं ‘अनादरित’ म्हणतात.

शाहूपुरीकर: ‘दिलेला, न मांडलेला’ लिहून ठेवते सध्या. सीए सरांना दाखवते.