केशरी होडी समुद्रात मळकट का दिसते?

"वर्गात वर्सोव्याची केशरी होडी काढायला दिली, पण सगळ्यांची होडी मळकट दिसतेय, रंग तर नवीनच आहेत."

निळा ओला असतानाच केशरी लावला असणार. रंगचक्रात हे दोघं समोरासमोर, शेजारी ठेवले तर एकमेकांना उठाव देतात, पण मिसळले की लाल-पिवळा-निळा तिन्ही एकत्र येऊन राखाडी-तपकिरी चिखल होतो. होडीची जागा कोरी सोडा, समुद्र पूर्ण वाळू द्या, (पावसाळ्यात आपल्या मुंबईत अर्धा तास सहज जातो) मग केशरी भरा. उबदार रंग पुढे येतो, थंड निळा मागे सरकतो, होडी लगेच उठून दिसेल. होडीच्या सावलीला मात्र काळा नकोच, केशरीतच निळ्याचा एक थेंब मिसळा, तिथे तोच मळकटपणा छान कामाला येतो.