विषय: संचालकांच्या नावाने आलेली तातडीची मेल

खजिनदार:
नमस्कार मंडळी,
काल दुपारी मला संचालकांच्या नावाने मेल आली. "सभागृहाची अनामत आज पाचच्या आत भरायची आहे, नाहीतर तारीख जाईल. त्यांनी बँक बदलली आहे, नवा खातेक्रमांक खाली देतोय. मी बैठकीत आहे, फोन घेता येणार नाही. पैसे गेले की इथेच कळव."

सभागृहाचं आरक्षण खरंच चालू आहे, म्हणून मी बँकेत लॉगिनसुद्धा केलं होतं. "फोन घेता येणार नाही" हे मात्र खटकलं. माझ्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर त्यांना फोन लावला, दुसऱ्या खेपेला त्यांनी उचलला. अशी मेल त्यांनी पाठवलीच नव्हती. पैसे गेलेले नाहीत, पण नुसत्या मेलवरून हे ओळखता आलं असतं का? मूळ मेलमधल्या या ओळी:

```
From: Director <director@manda1.example>
Reply-To: director.office@mail.example
Authentication-Results: spf=pass; dkim=pass; dmarc=pass
```

एक सभासद:
ताई, तिन्ही ठिकाणी pass आहे, म्हणजे मेल खरी. संचालकांचं खातंच कुणीतरी फोडलेलं दिसतंय. त्यांना आधी पासवर्ड बदलायला सांगा.

कार्यक्रम समिती:
अनामत भरायची राहिली आहे का? तारीख जायला नको, मी माझ्या खात्यातून आत्ता भरते. तो नवा क्रमांक पाठवता का?

खजिनदार:
नाही नाही, कृपया कुणीही भरू नका! तो क्रमांक भामट्याचा आहे.

मेल सर्व्हर सांभाळणारा सभासद:
pass चा अर्थ एवढाच, की @ च्या पुढे जे नाव दिसतंय त्याच्या मालकाच्या परवानगीनेच ही मेल निघाली. आता ते नाव एकेक अक्षर करून वाचा. आपलं `mandal` आहे, इथे `manda1` आहे, शेवटी l च्या जागी आकडा 1. हे नाव भामट्यानेच नोंदवलंय, त्यामुळे तोच मालक आणि तपासणीत तो पास होणारच. त्याने आपलं खरं नाव लावायचा प्रयत्न केला असता तर dmarc समोर बहुधा fail दिसलं असतं. संचालकांचं खातं फुटल्याची खूण या ओळींत मला दिसत नाही. पासवर्ड बदलला तर बिघडत काही नाही, पण इथली युक्ती वेगळी आहे.

ताई, मेल फोनवर वाचली होती का? तिथे बहुतेक वेळा नुसतं नाव दिसतं, नावावर बोट ठेवलं की पूर्ण पत्ता उघडतो. आणि Reply-To बघा, तो तिसराच पत्ता आहे. "खरंच तुम्हीच ना?" असं उत्तर दाबून विचारलं असतं, तर प्रश्न भामट्याकडे गेला असता आणि "हो, मीच" हे उत्तरही त्याच्याकडूनच आलं असतं.

मूळ मेल पुसू नका. मला पाठवताना साधी फॉरवर्ड न करता जोडणी म्हणून पाठवा, नाहीतर या ओळी वाटेतच गळतात.

दुसरी सभासद:
आमच्या ऑफिसात यापेक्षा वाईट झालं. माल पुरवणाऱ्याचा पत्ता अक्षरन्‌अक्षर खरा होता, जुन्याच संभाषणात पुढची मेल आली होती, कारण त्यांचं खातं खरंच फुटलं होतं. आम्ही फोन करून खात्रीही केली. पण नंबर घेतला त्याच मेलखालच्या सहीतला, आणि तोही बदललेला होता. पलीकडचा माणूस अगदी शांतपणे "हो, नवं खातं आमचंच" म्हणाला. संध्याकाळी चूक कळताच बँकेला कळवलं, थोडे पैसे अडवता आले, बाकीचे गेले. मला अजून त्याची चुटपुट आहे.

मेल सर्व्हर सांभाळणारा सभासद:
अशा वेळी पत्ता कितीही तपासला तरी काही सापडत नाही. नंबर जुन्या करारातून किंवा आपल्या यादीतूनच घ्यायचा आणि फोन आपण लावायचा. समोरून आलेला फोन धरायचा नाही, कारण पडद्यावरचा नंबर खोटा दाखवता येतो आणि आवाजाची नक्कलही होते. खातेक्रमांक आपण वाचून "बरोबर ना?" असंही विचारू नये, त्यांनाच सांगू द्यावा. शिवाय इथे संचालक "हो" म्हणाले असते तरी पुरलं नसतं. सभागृहवाल्यांच्या नावाने तशीच खोटी मेल त्यांनाही आलेली असू शकते. खातं बदललं का, हे सभागृहालाच विचारायला हवं.

खजिनदार:
करारावरच्या नंबरवर आत्ताच बोलले. खातं जुनंच आहे, अनामतीची मुदतही पुढच्या आठवड्यात आहे. मेल फोनवरच वाचली होती, हेही खरं. खोट्या खात्याचा क्रमांक आपल्या बँकेला कळवलाय.

यापुढे नव्या खात्यात पैसे पाठवायचे तर फोनवर खात्री आणि दोघांची मंजुरी, असं मी सुचवते.

कार्यक्रम समिती:
मी घाईत भरायला निघाले होते, थांबवलंत ते बरं झालं. दोघांची मंजुरी मान्य. पण कार्यक्रमाच्या दिवशी ध्वनिव्यवस्थेवाला ऐनवेळी बदलला आणि दुसऱ्या सही करणाऱ्याने फोनच उचलला नाही, तर काय करायचं?

खजिनदार:
याचं उत्तर आत्ता माझ्याकडे नाही. रविवारच्या बैठकीत घेऊ.