अंगावरून ‘जास्त’ जातं म्हणजे नेमकं किती? आपापले अनुभव सांगा

रातराणी
मीच सुरुवात करते. वय ३९. ‘पाळी कशी आहे?’ या प्रश्नाला वीस वर्षं माझं एकच उत्तर होतं: ‘नॉर्मल, सहा दिवस.’ आईचंही तसंच, मावशीचंही तसंच. दुसऱ्या दिवशी गडद रंगाची चादर, तिच्यावर जुना टॉवेल, दोन पॅड एकापुढे एक आणि रात्री दोनचा गजर. गजर लावून पॅड बदलायला उठणं विचित्र आहे, हे मला कधी सुचलंच नाही.

गेल्या वर्षी जिना चढताना धाप लागायला लागली. दुसऱ्या मजल्यावर थांबून मी फोन बघितल्याचं नाटक करायचे. हिमोग्लोबिन निघालं १२.१. कागदावर कुठेही लाल खूण नाही, म्हणून ‘ताण कमी करा’ असं सांगून मला घरी पाठवलं. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करायला लावलं. ते आलं फक्त ६.

या बाईंनी ‘किती जातं?’ असं विचारलंच नाही. दर किती वेळाने बदलता, रात्री उठावं लागतं का, गाठी केवढ्या पडतात, त्या दिवसांत बाहेर जाणं टाळता का, एवढंच विचारलं. माझं सगळ्याला हो. तुम्हाला कधी आणि कशावरून कळलं?

नळी-सुई
मी प्रयोगशाळेत काम करते, तुमच्यासारखे कागद रोज हाताखालून जातात. पुस्तकातली जुनी रेघ आहे एका पाळीत ८० मिली रक्त. पण ते घरी कोण मोजणार? त्यापेक्षा लागोपाठ काही तास दर तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजणं, सात दिवसांपेक्षा जास्त चालणं, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी, आणि रात्रीचा तो गजर, यातलं एक जरी दर महिन्याला होत असेल तरी ‘जास्त’च धरायचं.

१२.१ चं कोडं हिशेबाने सुटतं. एक मिली रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. समजा पाळीत १२० मिली गेलं, तर ६० मिलिग्रॅम लोह गेलं. महिन्यावर पसरलं तर रोजचे दोन. त्याशिवाय शरीर रोज एकेक मिलिग्रॅम असंच गमावतं, म्हणजे झाले तीन. जेवणातून आतडं ओढून घेतं एक ते दोन. साठा आटला की ते थोडं जास्त ओढतं, तरी रोज एकाची तूट धरा. साठा तीनशेच्या आसपास असेल तर दहा महिन्यांत खडखडाट.

या दहा महिन्यांत हिमोग्लोबिन जवळपास जागचं हलत नाही, कारण शरीर कोठारातलं काढून ताटात वाढत असतं. फेरिटिन म्हणजे कोठार, हिमोग्लोबिन म्हणजे ताट. कोठार रिकामं झालं की मग हिमोग्लोबिन १२ च्या खाली येतं आणि लाल पेशी बारीक आणि फिकट निघायला लागतात. तुम्ही बरोबर त्या उंबरठ्यावर होतात.

एक लक्षात ठेवा, ताप किंवा कसली सूज असताना फेरिटिन खोटं वर चढतं. तेव्हाचा आकडा बघून निश्चिंत होऊ नका.

भिंगरी
मी कप वापरते, म्हणून मोजता आलं. कपावर खुणा असतात. एका पाळीत सगळं मिळून १९० मिली भरलं आणि मी घाबरून रडलेच.

नळी-सुई
कपात येतं ते सगळं रक्त नसतं. ढोबळमानाने निम्मं रक्त, बाकी अस्तराचे तुकडे आणि स्राव. म्हणजे तुमचं नव्वद-पंचाण्णवच्या घरात असेल. बाईगणिक हे प्रमाण बदलतं, त्यामुळे नेमका आकडा मीही सांगणार नाही. पण फेरिटिन कराच.

कडूनिंब
थोडं वेगळं मत. गाठी पडणं चांगलंच, पिशवी साफ होते. अडवलं तर आत साठतं. आणि पालेभाज्या भरपूर खाल्ल्या की लोह भरून निघतं, गोळ्यांची गरज नाही.

रातराणी
पालेभाज्यांचं मीही वर्षभर केलं. जेवणातून रोज एक-दोनच आत जातंय आणि जातंय तीन, तर भाजी कितीही खा, रिकामं कोठार कसं भरणार? नव्याने तूट होऊ नये म्हणून आहार ठीक. गाठींबद्दल मला असं सांगितलं की रक्त पातळ ठेवणारी द्रव्यं आतच असतात, प्रवाह त्यांच्या आवाक्याबाहेर गेला की गाठी बनतात. छोट्या चालतात. मोठ्या गाठी म्हणजे वेग जास्त, सफाई नव्हे.

सांजवात
माझ्या आईची पाळी जाऊन सहा वर्षं झाली. परवा दोन दिवस थोडेसे डाग दिसले. वरच्या हिशेबाने हे अगदीच कमी, म्हणजे काळजी नाही ना?

नळी-सुई
तुमचा प्रश्न वेगळा आहे. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर किती गेलं हे बघायचंच नसतं. एक थेंब गेला तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. या आठवड्यातच न्या.

मुलीचा बाबा
लेक चौदाची. पहिल्या पाळीपासूनच प्रचंड. घरातल्या बायका म्हणायच्या, सुरुवातीला असंच असतं, बसेल. चौथ्या पाळीत सकाळपासून तासाला एक पॅड, दुपारी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन ७. रक्त चढवावं लागलं.

तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, नाकाचा घोळणा फुटतो का? दात घासताना हिरड्यांतून येतं का? दोन्ही लहानपणापासून होतं, आम्ही उष्णतेवर ढकललेलं. निघाला वॉन विलेब्रँड, रक्त गोठण्यातला दोष. पहिली तपासणी नॉर्मल आली होती, दुसऱ्यांदा केली तेव्हा सापडला. पाळी सुरू होताच पहिल्यापासूनच जास्त असेल तर हा प्रश्न विचारून घ्या.

तिसरा मजला
मला बर्फाचं वेड लागलं होतं. फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावायचा, ऑफिसात सुद्धा. लोहाच्या कमतरतेत असं होतं हे नंतर कळलं.

गोळ्या दिवसाला तीन लिहून दिल्या. मळमळ, बद्धकोष्ठ, शौचाला काळं. दहा दिवसांत सोडल्या. नंतरच्या डॉक्टरांनी एकच गोळी दिवसाआड दिली, चहाच्या आधी किंवा नंतर तासभर सोडून. एक गोळी घेतली की पुढचा दिवसभर आतडं लोहाला दार लोटून घेतं, म्हणून जास्त घेऊन विशेष फायदा नाही म्हणे. ती पचली. दोन महिन्यांत साडेबारा झालं आणि मी बंद केली. चूक तिथे झाली. ताट भरलं होतं, कोठार नाही. हिमोग्लोबिन बरं झाल्यावर अजून तीन महिने घ्यायची होती.

शिवाय मूळ कारण तसंच होतं: पिशवीच्या पोकळीत डोकावणारा फायब्रॉइड. तो दुर्बिणीने काढल्यावर पाळी चार दिवसांवर आली. बर्फाचा नाद मात्र त्याआधीच, गोळ्यांच्या दुसऱ्या आठवड्यात सुटला.

भिंगरी
केलं. फेरिटिन ९. सोनोग्राफी स्वच्छ, थायरॉइड ठीक, गोठण्याच्या तपासण्याही ठीक. कारण सापडलं नाही. पर्याय दोन दिलेत: हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू बसवायची, किंवा पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या. घरात कुणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, हे विचारून मगच गोळ्या लिहिल्या. या महिन्यात पहिल्यांदा घेतल्या. कपात एकूण ११० मिली. आधी १९० होतं.

हार्मोनवालं कुणी बसवून घेतलंय का? पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतच राहतात असं ऐकलं, ते किती दिवस चाललं?